तारखेच्या जागी ४५९८१

मी लिहावं एवढं माझं वाचन नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजविषयी वाकडं लिहिताना हात अडखळतो. पण ही गोष्ट मनातून जात नाही.

'कमवा आणि शिका' योजनेत मी दुपारी आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करायचो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं, नोटिसा लावणं, असं. तिथल्या क्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षांचे निरोप त्यांनीच एक्सेलमध्ये तयार करून मुलांच्या मोबाईलवर पाठवले होते.

परीक्षा उरकल्यावर दोन दिवसांनी एक मुलगी एसटीतून उतरून पिशवीसकट थेट आमच्या टेबलापाशी आली. ती सुरगाण्याकडची. तास संपले म्हणून हॉस्टेल सोडून गावी गेली होती. तिच्या नावापुढे गैरहजर लागलं होतं, आणि तोंडी परीक्षा राहिली की तिचं वर्षच अडकणार होतं. तिने मोबाईल पुढे केला. निरोप असा होता: 'तुमची तोंडी परीक्षा 45981, सकाळी 10.30, विभागात.'

"दादा, मला वाटलं हा सीट नंबर हाय," ती म्हणाली. "तारीख मागून येईल म्हणून वाट बघत बसले."

आमचे सीट नंबरही पाच आकडीच असतात. मलाही तेच वाटलं असतं.

भाऊसाहेबांनी तिला विभागप्रमुख मॅडमकडे पाठवलं आणि पाठोपाठ आपल्या शीटची प्रिंट काढून नेली. प्रिंटमध्ये तिच्या नावासमोर स्वच्छ २०-११-२०२५ छापलेलं होतं. मॅडमनी विचारलं, बाकीची मुलं कशी आली मग? बाकीच्यांनी बोर्डावरची नोटीस पाहिली होती, ती मुलं शहरातच राहिली होती. पण घाबरून त्या मुलीने मोबाईल पिशवीतच ठेवला. मॅडम म्हणाल्या, तुम्हा लोकांना निरोपसुद्धा नीट वाचता येत नाही. मी दारात गठ्ठा घेऊन उभा होतो. 'तुम्हा लोकांना' हे शब्द मलाही लागले.

भाऊसाहेब जेवायला गेल्यावर मी ती शीट उघडली. तारखेच्या रकान्यात तारीखच होती. शेजारचा, प्रिंटमध्ये न आलेला रकाना निरोपाचा. तिथे मजकूर आणि तारखेचा सेल मधे & टाकून जोडले होते, आणि सगळ्या ओळींत पाच आकडी नंबर. एक्सेल तारीख आतून आकडा म्हणूनच ठेवतं, १९०० सालच्या एक जानेवारीपासून मोजलेला दिवस. आपल्याला तारीख दिसते ती सेलच्या फॉरमॅटमुळे. & ने जोडलं की फॉरमॅट मागे राहतो आणि नुसता आकडा पुढे जातो. मी शेजारी TEXT(C2,"dd-mm-yyyy") हे तारखेचा फॉरमॅट सोबत नेणारं फंक्शन वापरून तोच निरोप जोडून पाहिला. तारीख आली.

भाऊसाहेब परतल्यावर मी त्यांना दाखवलं. तारखेच्या सेलचा फॉरमॅट जनरल, म्हणजे साध्या आकड्याचा केला, तर तिथेही ४५९८१ उमटलं. मग त्यांनी पहिल्यासारखं करून ठेवलं.

"तू इथे शिकायला आलायस की मला शिकवायला?"

मी म्हणालो, भाऊसाहेब, तिचं वर्ष जाईल. ते म्हणाले, पुढच्या वेळी फॉर्म्युला बदलू, आता गाजावाजा नको. शंभरावर मुलांना चुकीचा निरोप गेला हे कबूल करायचं म्हणजे वरपर्यंत उत्तर द्यावं लागेल. त्यांची भीती मला कळत होती, पण तिची किंमत त्या मुलीने का द्यायची, हे अजूनही कळत नाही.

माझंही काम त्यांच्याच सहीवर चालायचं. तरी मी मॅडमकडे गेलो. त्यांच्याच कॉम्प्युटरवर एका सेलमध्ये तारीख टाकली, दुसऱ्यात & ने जोडली. मग त्यांचं लक्ष आकड्याकडे गेलं.

"म्हणजे हे आपल्याकडूनच गेलंय?"

मी हो म्हणालो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि बघते म्हणाल्या. मुलीची माफी मागावी, निदान तिला बोलावून सांगावं, असं त्यांच्या मनात आलं की नाही, ठाऊक नाही. पुढच्या सोमवारी मला परीक्षा विभागातून काढून ग्रंथालयात पाठवलं. कारण कुणी सांगितलं नाही. तिचं काय झालं हे विचारायला जावं तर भाऊसाहेब मान वर करत नसत.

महिनाभराने, कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून, तिचाच फोन आला. तोंडी परीक्षा पुन्हा घेतली होती, ती पास झाली होती. मी आनंदाने काही बोलणार, तोच ती म्हणाली, "अर्जात मात्र लिहून घेतलं दादा, माझ्या निष्काळजीपणामुळे तारीख समजली नाही. नाय लिहिलं तर बसू देत नव्हते."