शंभर शब्दांत मावणारी बाई

त्यांना सगळे पायवाल्या बाई म्हणत. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, धुलाईघराला लागून जी कार्यशाळा होती, तिथे त्या सव्वीस वर्षं कृत्रिम पाय बनवत होत्या. प्लास्टरने हातांची साल निघालेली, केसांत कायम पांढरी भुकटी. नवा डॉक्टर आला की त्यांना म्हाताऱ्या समजून खुर्ची पुढे करायचा, आणि बाईही बिनदिक्कत बसून घ्यायच्या.

यंदा सरकारी प्रशिक्षण संस्थेत पाय बनवण्याचा अभ्यासक्रम सुरू होणार होता. मुख्य प्रशिक्षक एक, मदतनीस तीन. निवड समिती कोणाला भेटणार नव्हती. प्रत्येक रुग्णालयाने उमेदवाराचा शंभर शब्दांत परिचय पाठवायचा, त्यावर विभागप्रमुखाची सही, आणि त्या कागदावर कोण शिकवणार आणि कोण प्लास्टर कालवणार ते ठरणार. बाईंना शिकवायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट इतकी हवी होती, आणि ते त्यांनी घरात बोलूनही दाखवलं होतं.

म्हणून तर धाकटे दीर कामाला लागले. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, विशेषणांचा शौकीन. त्यांनी एका बैठकीत वहिनींना ‘जगप्रसिद्ध’, ‘अपंगांची माउली’ आणि ‘हजारोंच्या अंधाऱ्या आयुष्यातील तेजस्वी दीपस्तंभ’ करून टाकलं. बाईंनी वाचलं तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या. पण दिरांनी इतक्या मायेने लिहिलं होतं की काही खोडायचा धीर होईना. साहेब काय ते छाटतील, असं म्हणून त्यांनी कागद तसाच विभागात दिला. तिथेच चुकलं.

विभागप्रमुख साहेबांनी तो कागद चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला. दीपस्तंभाला कारकून हसले, परिचारिका हसल्या, साहेब तर डोळे पुसत हसले. आणि मग त्यांनी तो सौम्य केला. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हाती आलं ते असं: ‘बाई अनेक वर्षे कार्यशाळेत निष्ठेने सेवा करीत आहेत. स्वभाव मनमिळाऊ. विविध उपक्रमांत त्यांचे मोलाचे सहकार्य लाभते.’

बाईंनी ते उभ्याने दोनदा वाचलं. दीपस्तंभ गेला याचं त्यांना काहीच वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. पण दीपस्तंभाबरोबर पायही गेले होते. एकही पाय उरला नव्हता. सव्वीस वर्षांचं काम पुसून त्या जागी स्वभाव मनमिळाऊ! मनमिळाऊ तर उपाहारगृहातली मांजरही होती. हे वाचून कोणती समिती मुख्य प्रशिक्षक नेमणार होती? फोडणी जास्त झाली म्हणून अख्खी भाजी ओतून देणाऱ्या माणसाला कोणी स्वयंपाकी म्हणतं का? साहेबांना मात्र यालाच सौम्य करणं म्हणतात असं वाटत होतं.

संताप आला की बाई कामाला लागत. घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, दिरांना समोर बसवलं आणि त्यांचा मूळ कागद मध्ये ठेवला.

दीर ओशाळून म्हणाले, “वहिनी, माझ्यामुळे झालं हे सगळं.”

“भावजी, तुमचा पाय घट्ट झाला होता, त्यांनी सैल केला. घट्ट पाय टोचतो आणि सैल पाय गळून पडतो. आता नीट बसवू.”

कार्यशाळेतली पद्धतच त्यांनी वापरली. पाय टोचतो अशी तक्रार आली की माणसाच्या कापून उरलेल्या पायावर रंग लावून तो सॉकेटमध्ये, म्हणजे पाय बसतो त्या वाटीत, घालायचा. जिथे रंग उमटेल तिथे दाब. फक्त तिथेच घासायचं. सगळीकडून घासलं तर वाटी ढिली होते आणि माणूस पडतो. दिरांनी एकेक वाक्य वाचायचं आणि परक्या माणसाला ते कुठे टोचेल ते बाईंनी लाल पेन्सिलीने दाखवायचं, असं ठरलं.

‘जगप्रसिद्ध’ टोचलं, गेलं. ‘माउली’ गेली. ‘हजारो’वर बाई थांबल्या. कार्यशाळेच्या वहीत प्रत्येक पायाला क्रमांक असतो आणि पुढे बनवणाऱ्याची आद्याक्षरं. त्यांच्या नावावर दोन हजार एकशे चाळीस होते. हजारो म्हटलं की फुशारकी वाटते, २,१४० म्हटलं की कोणीही वही उघडून बघू शकतं. ‘देशातील पहिली महिला’ हे दिरांना फार आवडलं होतं. बाईंनी विचारलं, देशातल्या सगळ्या कार्यशाळा तुम्ही पाहिल्यात का? मग त्याचं ‘या रुग्णालयातील पहिली’ झालं, कारण ते खरं होतं.

एका जागी मात्र दीरच अडले. मुलांचा पाय. मूल वाढतं आणि पाय आखूड पडतो, म्हणून बाईंनी नळीत चकत्या घालून लांबी वाढवता येईल असा पाय आखला होता. वाटी बदलावी लागते, पण सगळा पाय नव्याने करावा लागत नाही. इथे थोडं नमतं घेऊन ‘सहभाग’ लिहावं का, असं दिरांनी विचारलं.

“आखला मी. धातूचा भाग यंत्रशाळेतल्या दोघांनी घडवला, त्यांचंही लिहा. पण सहभाग नाही. मी केलं ते मी केलं.”

शेवटी कागदावर उरलं ते इतकं: पाय बनवणारी या रुग्णालयातील पहिली महिला. सव्वीस वर्षांत २,१४० पाय. मुलांसाठी लांबी वाढवता येणारा पाय आखला. धातुकाम यंत्रशाळेतील दोघांचे. नऊ वर्षांत ११८ मुलांना बसवला. चौदा जणांना शिकवले, त्यांपैकी सहा जण आज स्वतःची कार्यशाळा चालवतात. विशेषण शोधून सापडलं नसतं. दिरांनी शब्द मोजले. शंभरातले साठाहून जास्त अजून शिल्लक होते, आणि ते तसेच राहू द्यायला त्यांच्या जिवावर आलं.

सकाळी बाई कागद आणि वही घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की माणसाला विनय शोभतो.

“विनय माझा असतो, साहेब. तो माझ्या वतीने तुम्ही करायचा नाही. यातलं खोटं काय ते दाखवा, मी आत्ता खोडते.”

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मुलांच्या पायाच्या ओळीवर त्यांचं पेन बराच वेळ घुटमळलं. बाईंनी वही उघडून आराखड्याचं पान समोर सरकवलं, तारीख होती, आद्याक्षरं होती. साहेबांनी सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बाई मुख्य प्रशिक्षक. दीर ते पत्र घेऊन शेजारच्या चार घरी फिरून आले.

त्याच आठवड्यात साहेबांनी बाईंना बोलावलं. संस्थेच्या सल्लागार मंडळासाठी त्यांनाही परिचय पाठवायचा होता. तुमचा जसा बसवलात तसा माझाही बसवून द्या, म्हणाले. अगदी गोड आवाजात.

बाईंनी कागद घेतला. ‘दूरदृष्टीचे प्रशासक’. ‘कुशल नेतृत्व’. आणि तिसऱ्या ओळीत, ‘मुलांच्या वाढत्या पायाचे जनक’.

तेव्हा त्यांना सहकार्याचं आणि मनमिळाऊ स्वभावाचं सगळं कोडं उलगडलं. डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं कागद फाडून त्यांच्याच चहात बुडवावा. पण त्या खुर्चीत बसल्या, लाल पेन्सिल काढली आणि काम केलं. आधी जनक गेले. मग नेतृत्व, मग दूरदृष्टी. उरलं नाव, हुद्दा, रुजू झाल्याचं साल. बाईंनी क्षणभर विचार केला आणि आपल्या हाताने एक ओळ घातली: कार्यशाळेला धूळ ओढणारा पंखा मिळवून दिला. त्या पंख्यासाठी साहेब वर्षभर वरच्यांशी भांडले होते आणि त्यामुळे सगळ्यांचा खोकला थांबला होता. ते खरं होतं. साहेबांना स्वतःला ते लिहायचं सुचलंही नव्हतं.

साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. “एवढंच?”

“एवढं कोणी खोडू शकणार नाही,” बाई म्हणाल्या, आणि हातावरची भुकटी झटकून पाय बसवायला गेल्या.