चहापावडरच्या मालकाला पाठवलेली मेल

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी माहितीपट करू लागलो, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानदारांवर वीस मिनिटांचा एक केला. प्रायोजक शाहूपुरीतला चहापावडरचा व्यापारी. सुरुवातीला आणि शेवटी त्याच्या पुड्याचं चित्र. टेप आणि सीडी पोचत्या केल्या, बिल दिलं. स्थानिक केबलवर माहितीपट दर रविवारी दिसू लागला. पैसे आले नाहीत.

कॅमेरामन मुरगूडचा. कॅमेरा त्याने पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. तीन हप्ते थकले होते. महिनाअखेरपर्यंत भरले नाहीत तर कॅमेरा विकावा लागणार होता.

आम्ही चार वेळा मालकाकडे गेलो. "या की पत्रकार! आमच्या पावण्यांनी बगितली तुमची फिलम. लई भारी म्हणत्यात." मग चहा यायचा. समोरच्याचा चहा पिऊन लगेच पैशाचा विषय काढायचा नाही, ही इथली रीत. चौथ्यांदा तरी मी काढला. "पळून जातोय व्हय मी?" मालक म्हणाला आणि हसला.

खाली आल्यावर कॅमेरामन म्हणाला, "पेपरात एवढं लिव्हलंसा. ह्याला चार वळी लिव्हा की! का अजून च्याच प्यायचा?"

सायबर कॅफेत बसून मालकाच्या फर्मच्या पत्त्यावर मेल लिहिली. तिथे मराठी टाइप होत नव्हतं, म्हणून इंग्रजीत. बिलाचा क्रमांक, टेप पोचवल्याची तारीख, पोच घेणाऱ्याचं नाव, ठरलेली मुदत, उलटलेले दिवस. आठ दिवसांत रक्कम मिळावी. अडचण असल्यास लेखी कळवावी. तोपर्यंत पुढचं काम हाती घेता येणार नाही. शेवटी आभार. विशेषण एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फर्मच्या हिशेबनिसाचा फोन आला. बिल मालकांच्या स्वतःच्या नावावर होतं. फर्मच्या नावाने असल्याशिवाय चेक निघत नाही, म्हणून त्याने ते पहिल्याच आठवड्यात बाजूला काढलं होतं. शब्द मालकाने दिला होता, म्हणून नाव मी त्याचं घातलं होतं.

"मग कळवलं का नाही?"

"तुमी कवा इचारलंसा? तुमी थेट मालकांकडं जाऊन च्या पीत हुतासा."

त्याच दिवशी नवं बिल नेऊन दिलं. अठरा दिवसांनी चेक आला, टीडीएस कापून. मधल्या काळात महिना संपला होता. कॅमेरा कागलच्या एका लग्नवाल्या व्हिडिओवाल्याने घेतला, अर्ध्या किमतीत.

मालकाचा फोन आला. "लेखी मागायची काय गरज हुती, पत्रकार? घरातलं समजत हुतो तुमाला."

कॅमेरामनचा वाटा मी मुरगूडला नेऊन दिला. त्याने तो न मोजता खिशात घातला. पुढच्या लग्नसराईत तो कागलच्या त्या माणसाकडे रोजंदारीवर जाऊ लागला. कॅमेरा तोच होता.