ठेवा अन् विसरा

हेमचंद्र काळमेघ माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते फोन घेऊन नव्हे, भांडण घेऊन. अमरावतीच्या कोर्टामागच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन बोर्ड लावून चारच दिवस झाले होते. हा बारीक, पिवळट चेहऱ्याचा माणूस समोर उभा राहून बोर्डाकडे बघत होता.

"दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असते," ते म्हणाले. "तुमी दीर्घ लावला."

माझं डोकं फिरलं. "तुमाले फोन दुरुस्त कराचा हाये का बोर्ड?"

"आधी बोर्ड करा. जो माणूस बोर्डावरच चुकते, त्याच्या हातात फोन कोन देईन?"

मी रागाच्या भरात त्यांना हाकलून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून तो रु दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून आमची दोस्ती. आज मी हे जे काही धड लिहितो आहे ते त्यांच्याच टोचण्यांमुळे. एरवी अजहर मोबाईलवाला आणि शुद्ध मराठी, नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा असाच प्रकार होता.

ते कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिंग करत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. लग्न केलं नव्हतं, रुक्मिणीनगरात एका खोलीत एकटे राहत. अकोल्याला मोठी बहीण, अनसूयाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आईबाप लवकर गेले, तिनंच यांना वाढवलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून काळमेघ साहेब आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. दिवसभरात पाणी मोजून प्यायचं. माझ्याकडे चहाला बसले की औषधाच्या बाटलीचं झाकण खिशातून काढायचे आणि तेवढाच चहा मागायचे. "पूर्ण कप पेला तर डॉक्टर बोंबलते, नाई पेला तर तू बोंबलतो," म्हणायचे.

देवाधर्मावर त्यांची जीभ फार चालायची. माझ्या दारातल्या लिंबू-मिरचीवर रोज एक टोमणा. अम्मीनं गल्ल्याला बांधलेल्या तावीजावर दुसरा. "दोन धर्माचे पहारेकरी ठिवले, तरी गिऱ्हाईक नाई," म्हणत. मी हसायचो. त्यांच्या तोंडून वाईट वाटत नसे.

किडनी मिळावी म्हणून त्यांचं नाव यादीत लागलेलं होतं. नंबर आला की नागपूरहून दवाखान्याचा फोन येणार होता. सकाळी येईल, दुपारी येईल, कधीही. तासाभरात होकार द्यायचा आणि निघायचं. माणूस फोनवर सापडला नाही तर किडनी पुढच्या नावाला जाते, ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून त्यांचा फोन कधी बंद पडता कामा नये, हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं.

आणि नेमका त्या फोनचा चार्जिंगचा जॅक ढिला झाला. एकदा मी बदलून दिला, तीन महिन्यांत पुन्हा गेला. डायलिसिसची सुई टोचतात त्या हाताला जोर लागत नसे, पिन तिरपी घुसवायचे. त्यांचा फोन वायरलेस चार्जिंगचा होता, म्हणून मीच म्हटलं, "साहेब, पिनीची झंझटच सोडा. ही चार्जिंगची थाळी घ्या. फोन ठेवा अन् विसरा."

ठेवा अन् विसरा. हे शब्द माझे. कंपनीच्या खोक्यावर नव्हते.

आठ दिवसांत ते परत आले. थाळीवर फोन तापतो, चार्जिंग सुरू होतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. मी समजावलं, थाळीत तारेचं एक वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं. दोन्ही समोरासमोर आली तरच वीज नीट जाते. फोन जरा सरकला की निम्मी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि फोन तापला की स्वतःला वाचवायला चार्जिंग थांबवतो. निवला की पुन्हा घेतो. मी मार्करनं थाळीवर चौकट आखून दिली, फोन कुठं ठेवायचा त्याची. दुकानात ठेवून दाखवला. अर्धा तास बिनबोभाट चार्ज झाला.

पुन्हा आठ दिवसांनी तेच. या वेळी मी त्यांच्या कव्हरला दोष दिला. जाड रबरी कव्हर, मागं चामड्याचं अस्तर. कव्हर जितकं जाड, तितकी वेटोळी एकमेकांपासून लांब. "पातळ कव्हर घ्या," म्हटलं. घेतलं त्यांनी. दुकानात तपासताना मात्र प्रत्येक वेळी ते तोंड फिरवून स्वतःच कव्हर काढायचे, शर्टाच्या खिशात घालायचे आणि उघडा फोन माझ्या हातात द्यायचे. उघडा फोन थाळीवर उत्तम चालायचा. दुकानात चालतो आणि घरी चालत नाही, यावर मी त्यांचीच खेचायचो. "घरी तुमचा हात लागते ना, म्हणून बिघडते." कव्हर का लपवता, हे मी एकदाही विचारलं नाही.

फेब्रुवारीतला एक मंगळवार. सकाळी डायलिसिस झालं. त्यानंतर अंगात त्राण राहत नाही, माणूस मेल्यासारखा झोपतो. घरी आले तेव्हा फोनमध्ये अकरा टक्के उरले होते. थाळीवर चौकटीत बरोब्बर ठेवला, दिवा लागला, त्यांनी पाहिलं आणि झोपले.

एक वाजून दहा मिनिटांनी नागपूरहून फोन आला. बंद. पुन्हा केला. बंद. दवाखान्याच्या अर्जावर दुसरा फोन नंबर अनसूयाताईंचा होता, त्यांनी लगेच उचलला. ताईंनी भावाला सतरा वेळा फोन लावला. अमरावतीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. माझ्या दुकानाचा तरी असता. बाई हातातलं टाकून गाडी भाड्यानं करून अकोल्याहून निघाल्या, वाटेत दवाखान्याला हात जोडत राहिल्या, अजून थोडं थांबा, अजून थोडं. बडनेरा यायच्या आधीच तिकडून निरोप आला की दुसऱ्या पेशंटला बोलावलं आहे.

तरी त्या आल्या. दार बडवलं. काळमेघ साहेबांनी डोळे चोळत उघडलं आणि विचारलं, "ताई, तू काहून आली?"

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी थाळी काउंटरवर ठेवली, कव्हरासकट फोन माझ्यापुढे सरकवला आणि स्टुलावर बसले. झालेलं सगळं सपाट आवाजात सांगितलं.

मी कव्हर न काढता फोन थाळीवर ठेवला. दिवा लागला. फोन थरथरला, स्क्रीन उजळली. चार-पाच मिनिटांत चार्जिंग तुटलं. जरा वेळानं पुन्हा लागलं, पुन्हा थरथर, पुन्हा उजेड. असं प्रत्येक वेळी. येत होती त्याहून जास्त वीज या उजळण्यातच जात होती. म्हाताऱ्या बॅटरीचे अकरा टक्के असेच संपले होते. मी पाठीला हात लावला. एका जागी चटका बसत होता.

मी कव्हर ओढून काढलं. काउंटरच्या काचेवर एक शिक्का पडला. चांदीच्या मुलाम्याचा, रुपयाएवढा, पापडासारखा पातळ. शेगावच्या महाराजांचा. मधोमध नव्हता, जरा कडेला सरकलेला होता, म्हणून थाळीला तो ओळखू आला नाही. नाहीतर मध्ये धातू आला की थाळी लाल दिवा लावून सरळ बंदच पडते. हा मात्र आत बसून तापत राहिला आणि फोनला तापवत राहिला.

काळमेघ साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

"ताईनं देल्ला," ते म्हणाले. "किडनी लवकर मिळो म्हणून नवस बोलली व्हती. म्हने, फोनपासून दूर करू नको. तुले मी तावीजावरून इतकं बोललो, मंग कोन्या तोंडानं दाखवू? म्हणून खिशात घालत व्हतो."

मला रडू फुटलं. गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी रडलो. एकदा, फक्त एकदा कव्हर मागून घेतलं असतं तर. पंधरा वर्षं हाच धंदा करतो मी.

"अजहर," ते उठत म्हणाले, "हे ताईले कधी समजाले नाई पाहिजे. मी सांगितलं तिले, का मीच चार्जिंगले लावाले विसरलो. तेच राहू दे."

त्यांनी शिक्का रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

नागपूरहून दुसरा फोन कधी आला नाही. फोन नेहमी भरलेला असायचा, मी रोज संध्याकाळी जाऊन पाहत होतो. जूनमध्ये सुईच्या जागेतून रक्तात जंतू गेले. ताईंनी त्यांना अकोल्याला नेलं. नऊ दिवसांनी गेले. मी मातीला पोहोचलो तेव्हा सगळे परतत होते. ओळखीचं कोणी नव्हतं, कोणाला काय सांगणार, म्हणून तसाच बसस्टँडवर आलो.

महिन्याभरानं एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई दुकानात आल्या. साहेबांसारखा चेहरा पाहूनच कळलं. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत.

"तूच अजहर का?"

"हो, ताई."

"मले एक खरं सांग. माहा भाऊ, बापू, म्हने का तो फोन लावाले विसरला. मी त्याले लहानाचा मोठा केला. दवाईची गोळी तो एक मिनिट इकडं-तिकडं करत नव्हता. तो विसरला नाई. मंग फोन काहून बंद पडला?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "ताई, मशीन खराब होती. माझीच चूक. मी चांगलं म्हणून दिलं."

मला वाटलं आता शिव्याशाप देतील, आणि मला ते हवंच होतं. माझीच चूक म्हणालो त्यात निम्मं तरी खरं होतं.

"मरायच्या दोन दिस आधी बापू मले म्हने," त्या हळू बोलल्या, "अजहरले दोष देजो नको, मशीन चांगली व्हती. आता तू म्हनतं खराब व्हती. तुमी दोघंबी माह्यापाशी खोटं बोलून राहिले. कोनाले वाचवून राहिले रे तुमी?"

समोर कोणाचा तरी उघडा फोन पडला होता, त्याचे स्क्रू मी उगाच गोळा करू लागलो.

"मी काई केलं का?" त्यांनी विचारलं. "माह्या हातून काई झालं का?"

"नाही, ताई," मी म्हणालो. "तुमच्या हातून काहीच नाही झालं."

पण मान वर करून मला ते म्हणता आलं नाही. बाईंनी सदतीस वर्षं पोरं शिकवली होती, खाली घातलेली मान त्यांना वाचता येत होती. त्यांनी पदर तोंडाशी धरला, दाराची चौकट चाचपत पायरी उतरल्या आणि ऑटोवाल्याला बसस्टँडवर न्यायला सांगितलं.