चौथी चिठ्ठी

निजामावरच्या पोलिस ॲक्शनला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून मुकुंदवाडीच्या चर्चमधली रविवारची शाळा साळूबाईच घ्यायची. नवरा गेलेला, मूल नव्हतं. आठवडाभर लोकांचे कपडे शिवायचे नि रविवारच्या त्या एका तासासाठी जगायचं.

त्या रविवारी चर्चच्या मंडळीचे पंच आप्पासाहेब वर्ग तपासायला आले. आले ते भांडणाच्याच तयारीनं. वर्ग आपल्या सुनेला द्यायचं त्यांच्या मनात होतं.

साळूबाईनं बिस्किटांचे दोन डबे मांडले. एकावर ‘देव’, दुसऱ्यावर ‘शेजारी’. दहा आज्ञा दहा चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या. पहिल्या चार देवाच्या डब्यात जायच्या: दुसरे देव नकोत, मूर्ती नको, देवाचं नाव उगाच घेऊ नको, विसाव्याचा दिवस पवित्र पाळ. आईबापांच्या मानापासून पुढच्या सहा शेजाऱ्याच्या. व्यभिचाराच्या चिठ्ठीवर पोरांसाठी तिनं लिहिलं होतं, ‘नवराबायकोनं एकमेकांशी इमानानं राहावं.’

पोरं एकेक चिठ्ठी उचलून टाकू लागली. खून, चोरी, खोटी साक्ष, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ, सगळं बरोबर पडलं. आईबापांची चिठ्ठी एकानं देवाकडं टाकली. साळूबाई हसली. "आईबाप घरात दिसतात ना रे? मग ते माणसांत."

चौथी चिठ्ठी चतुराच्या हाती आली. तिची आई आवडाबाई आप्पासाहेबांकडं भांडी घासायची. चतुरानं विसाव्याचा दिवस सरळ शेजाऱ्याच्या डब्यात टाकला.

"हेच शिकवता व्हय?" आप्पासाहेब कडाडले. "चौदा वर्षं नुसती फुकट!"

"का गं टाकलीस?" साळूबाईनं विचारलं.

"आईला रविवारी पण सुट्टी नाय. आज तर त्यांच्याकडं लई पाव्हणे हायेत."

पोरं आप्पासाहेबांकडं बघू लागली.

आप्पासाहेबांचा आवाज खाली आला. "पोरीला चूक म्हणा, साळूबाई. म्हणजे मिटलं. वर्ग तुमचाच."

तिनं चिठ्ठी उचलली, देवाच्या डब्यात टाकली. "डबा चुकला, चतुरा. दिवस देवाचा आहे." आप्पासाहेबांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात तिनं बायबल उघडलं. "पण आज्ञा इथं संपत नाही. त्या दिवशी तू काम करू नको. मुलानं नको, मुलीनं नको. दासानं नको, दासीनं नको." मान वर केली. "पोरगी चुकली ते डब्यापुरतं. तिचं बोलणं खरं आहे."

"किल्ली ठेवा इथं."

तिनं वर्गाची किल्ली ठेवली.

संध्याकाळी आवडाबाई दारात आली. साळूबाईला वाटलं, आभार मानून हात धरील.

"काम गेलं माझं," आवडाबाई म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमचा रविवार मागायला?"

आवडाबाई गेल्यावर साळूबाईला दिसलं, डबे आपण घरी आणलेत. शेजाऱ्याचा डबा उघडाच होता.