आरतीचं पाचवं कडवं

अंबडच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. एम.ए.च्या वर्गाला साधनांची चिकित्सा हा विषय माझ्याकडे आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. हे कोणी लिहिलं? कधी आणि कशासाठी लिहिलं? आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आलं? शिलालेख असो की आरती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिचा पुरावा म्हणून उपयोग करायचा नाही, असं मी बजावतो. आवाज जरा चढवूनच बजावतो. मुलांना वाटतं, सर विषयावर प्रेम करतात. खरं कारण वेगळं आहे, आणि ते आता लिहून टाकतो.

वडीगोद्रीच्या अलीकडं एका फाट्यावरून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या महादेवाच्या देवळावर मी तरुणपणी एक लेख लिहिला होता. देवळाच्या पायरीला एक कोरलेला दगड बसवलेला आहे. गावकरी दर शिवरात्रीला तो धुतात, त्याला ऑइलपेंट देतात आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून पांढऱ्या रंगानं भरतात. भरणाऱ्याला जसं दिसेल तसं भरतात. मी गेलो तेव्हा दगडावर रंगाचे इतके थर होते की अक्षरं सुजल्यासारखी दिसत होती. शकाच्या आकड्यातला शतकाचा अंक तर कपचा उडून गेलेला होता.

ठसा घ्यायला हवा होता. मी फोटो काढला. शेवटची बस पकडायची होती.

त्याच दिवशी देवळात आरती झाली. तिचं पाचवं कडवं असं होतं:

यादवांच्या कालखंडी राउळ उभारिलें ।
पाषाणाच्या पोटीं देवें रूप प्रगट केलें ॥

मला भरून आलं. लेखात मी लिहिलं की लोकस्मृतीनं शतकानुशतकं जपलेल्या या कडव्यावरून दगडावरचा उडालेला अंक ‘एक’ असाच, म्हणजे शक अकराशेच्या घरातला, यादवांच्या काळचा वाचला पाहिजे. दोन पानं पुढं लिहिलं की शिलालेखाच्या या आकड्यामुळं आरतीचं प्राचीनत्व सिद्ध होतं. आरतीनं दगडाला आधार दिला, दगडानं आरतीला, आणि त्या दोघांच्या मध्ये मी बढतीच्या अर्जाला तो लेख जोडला.

गेल्या वर्षी त्याच गावची एक सून माझ्या वर्गात आली. दोन लेकरं शाळेत गेल्यावर पुन्हा शिकायला लागलेली, वयानं पस्तिशीची. वर्गातल्या बाकीच्यांना मी नुसत्या नावानं हाक मारायचो, तिला ताई म्हणायचो. प्रकल्पासाठी तिनं आपल्याच गावचं देऊळ निवडलं. मार्गदर्शक मी. तेव्हाच काहीतरी कारण काढून नाही म्हणायला हवं होतं.

तीन महिन्यांनी तिनं तिसरं प्रकरण आणून दिलं. मी ते स्टाफरूममध्ये वाचलं आणि चहा तसाच राहिला.

तिनं रंग खरवडला नव्हता. सकाळचं ऊन येत असताना एक हातातला आरसा धरून तिनं ऊन दगडावर तिरपं पाडलं होतं. तिरप्या उजेडात खोदलेली रेघ आणि रंगवलेली रेघ वेगळी कळते. मग समितीची परवानगी घेऊन, रंग जिथं आपोआप सुटला होता तिथं ओला कागद ब्रशनं ठोकून बसवून शाईचा ठसाही घेतला होता. शकाच्या आकड्याशेजारी संवत्सराचं नाव निघालं. संवत्सरांची साठ नावं ठरलेल्या क्रमानं फिरतात, त्यामुळं शक आणि नाव जुळलंच पाहिजे. तिनं उडालेल्या जागी एकेक अंक घालून पाहिला होता. ज्या शतकांशी नाव जुळत होतं, त्यांत यादवांचं एकही नव्हतं. दुसऱ्या ओळीत गावाच्या नावाआधी ‘मौजे’ होतं. हा शब्द फारसी दफ्तराबरोबर आलेला. यादवांच्या काळात तो कोण कोरणार? अक्षरांच्या वळणावरून तिनं लेख मोगल-मराठ्यांच्या धामधुमीतला ठरवला होता. शिवाय त्यात देवळाचा उल्लेखच नव्हता. कुणा पाटलानं दीपमाळ बांधली, एवढंच त्यात होतं.

पुढं आरती. तिनं गावातल्या तीन घरांतून जुन्या वह्या मिळवल्या होत्या. तिन्हींत चारच कडवी. पाचवं फक्त देवस्थानच्या छापील पुस्तिकेत. आणि खाली एक वाक्य: ‘कालखंड हा शब्द पारंपरिक आरतीच्या भाषेत बसत नाही, तो अध्यापकीय वाटतो.’

मी तिला बोलावलं.

“अध्यापकीय म्हणजे?”

ती जमिनीकडं बघत म्हणाली, “सर, तो शब्द तुमचा आहे. तुम्ही एका तासाला किती वेळा म्हणता, ते मागच्या बाकावरची पोरं रेघा मारून मोजतात.”

तेव्हा मला आठवलं. लेख लिहायच्या दोन वर्षं आधी त्या गावात सप्ताह होता. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. काही तयारी न करता मी म्हणालो होतो, “हे देऊळ यादवांच्या कालखंडातलं असावं.” टाळ्या पडल्या होत्या. म्हणजे ज्या लोकस्मृतीनं मला भरून आलं होतं, ती माझीच होती. फक्त माझं ‘असावं’ वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं.

त्यावर मी जे केलं, तेही लिहून टाकतो. मी तिला म्हणालो, “प्रकरण चांगलं आहे. पण प्रकल्पाची लांबी वाढतेय. तिसरं गाळलं तर बरं.”

पहिली दोन प्रकरणं भूगोल आणि यात्रा. तिसरं गाळलं तर तिच्याकडं स्वतःचं असं काहीच उरत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

“गाळते, सर,” ती म्हणाली. “परिशिष्टात टाकू का?”

“परिशिष्टातही नको.”

“बरं,” म्हणाली, आणि वही उचलून गेली.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्ताचं नाव सांगितलं. पाचव्या दिवशी वर्गात उजळणीसाठी फळ्यावर पुन्हा तिसरा प्रश्न लिहिताना खडू मोडला. ती समोरच बसून तो प्रश्न वहीत उतरवत होती. तास संपल्यावर मी म्हणालो, “ताई, तिसरं प्रकरण गाळू नका. आणि रविवारी मी गावात येतो.”

त्या रविवारी देवस्थान समितीची बैठक होती. पायरीशेजारी बसवायच्या संगमरवरी पाटीवर ‘यादवकालीन’ लिहायचं ठरत होतं, माझ्या लेखाचा दाखला देऊन. अध्यक्ष म्हणजे हिचेच चुलत सासरे. पारावर सात-आठ जण, चहाचे कप, आणि कडेला भजनी मंडळाची पेटी वाजवणारे आबा. मी उभा राहून सगळं सांगितलं.

मग अध्यक्षांनी विचारलं, “म्हंजी देऊळ नवीन हाय का?”

“नाही. दगड फक्त दीपमाळेबद्दल बोलतो. देवळाबद्दल तो काहीच सांगत नाही.”

“मंग देऊळ त्याच्याहून जुनं असू शकतं?”

“असू शकतं.”

“यादवांचं?”

“तसं असू शकतं, पण...”

“मंग झालं की,” अध्यक्ष पाटीवाल्याला फोन लावायला लागले.

“मामा,” सुनेनं पदर सावरत म्हटलं, “सरांच्या असावं-असू शकतंवर आता पाटी करू नका. मागच्या टायमाला त्याचीच आरती झाली.”

पारावर हसू फुटलं. मी हसलो नाही. पेटीवाल्या आबांनी मात्र खाकरून घेतलं.

“ते कडवं म्या केलंय,” ते म्हणाले. “लपवून न्हाई केलं. लोक वाढले, आन चार कडव्यांत आरतीचं ताट मागच्या माणसापर्यंत जाईना गेलं. बायका नाराज होऊन राह्यल्या. म्हून एक कडवं वाढवलं. विषय पायजे होता, तो सरांच्या भाषणातून घेतला.”

“आबा, तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?” मी विचारलं. “मी तुमच्यासमोरच वहीत उतरवून घेत होतो.”

“तुम्ही इचारलंच न्हाई. तुम्ही डोळे पुसून राह्यलते. म्या म्हणलं, माणूस भाविक हाय.”

फळ्यावरचा पहिला प्रश्न. हे कोणी लिहिलं?

पाटीचं प्रकरण तिथंच मिटलं. दगडावर जे आहे तेच पाटीवर उतरवायचं ठरलं: दीपमाळ, पाटील, संवत्सर. अध्यक्ष थोडे नाराज होते, पण पाटलाच्या नावावरून तो आपलाच पूर्वज असावा असं त्यांच्या मनात आलं आणि ते खूष झाले. सुनेनं कपाळावर हात मारला. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तिनं मला पायरीवर बसवलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि प्रश्न विचारले. भाषण कोणत्या सप्ताहात? समोर कोण होतं? नेमके शब्द काय? मी सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, “लिहा, ही पूर्णपणे माझी चूक. गावाची नाही, आबांची नाही. मीच गुन्हेगार.”

तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

“सर, राग नका मानू. तुम्हाला फार अपराधी वाटतंय. असा माणूस केलं त्याहून जास्त कबूल करतो. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मी कसं लिहू? दुसरा पुरावा पाहिजे.”

इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कुणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

दुसरा पुरावा आबांच्या घरी मिळाला. त्यांच्या वहीत पाचव्या कडव्याखाली, सप्ताहाची तिथी घालून, त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘अंबडच्या सरांच्या भाषणावरून. चाल तीच.’ वही फळीवर सगळ्यांना दिसेल अशी होती. तिनं तिचा फोटो काढला, कागद आणि शाई पाहिली, मागच्या-पुढच्या पानांवरच्या तिथ्या तपासल्या, आणि मगच मान हलवली.

प्रकल्पावर मी सही केली. सही करण्याआधी साधनांची यादी वाचली. शिलालेख आणि आबांची वही प्राथमिक साधनांत होती. माझी मुलाखतही तिथंच, पुढं कंसात ‘वहीशी ताडून पाहिली’. माझा लेख दुय्यम साधनांत, आणि त्यापुढं ‘सावधपणे वापरावा’. ‘वापरू नये’ लिहा, असं मी सुचवलं. ती म्हणाली, “सर, तुम्ही पुन्हा जास्त करताय.”

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिला सगळ्यात जास्त प्रश्न तिसऱ्या प्रकरणावर विचारले आणि शेवटी ते छापायला द्या म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

गावात आजही पाचच कडवी म्हणतात. आबांना मी ते काढायला सांगून पाहिलं, पण ताटाचा प्रश्न तसाच आहे. यंदा शिवरात्रीला मी गेलो होतो आणि सगळ्यात मागं उभा राहिलो. बरोबर पाचव्या कडव्याला ताट माझ्यापर्यंत आलं.