चारठाण्याचे तेच एकशेवीस शेतकरी

सुनेत्राबाई परभणीच्या एका कृषी विद्यालयात बारा वर्षं शिकवत होत्या आणि त्यातली सहा पीएचडी करत होत्या. मार्गदर्शक दिनकरराव सरांचा दंडक होता: तक्ता पूर्ण झाल्याशिवाय आधीच्या संशोधनाच्या आढाव्याची एक ओळ लिहायची नाही. आडव्या ओळीत एकेक लेख. उभे रकाने तीन: पद्धत, नमुना, निष्कर्ष. प्रकरण गुरुवारी द्यायचं होतं. त्याच दिवशी नोंदणीची मुदत संपत होती; सरांचं पत्र असेल तरच ती वाढायची.

तक्त्यात चौदा लेख होते. शिकलेला शेतकरी रुंद सरी वरंब्याचं पेरणीयंत्र लवकर स्वीकारतो, असं नऊ लेख म्हणत होते. पाच म्हणत होते, शिक्षणाचा काही संबंध नाही. बहुमत स्पष्ट होतं. बाईंनी पहिलं वाक्य मनात लिहूनही टाकलं होतं.

मंगळवारी शेजारच्या टेबलावर पीएचडी करणाऱ्या संघप्रियाने तक्ता पाहिला. नमुन्याच्या रकान्यात जिकडेतिकडे एकशेवीस होतं. त्यात नवल नव्हतं. दहा गावं, गावात बारा शेतकरी, ही या विभागाची रीतच. पण गावांची नावं आणि पाहणीचं वर्षही लिहून बघा, असं तिने सुचवलं.

बाईंनी लिहिलं. नऊतल्या चार ओळींत चारठाणा गावापासून तीच दहा गावं निघाली, वर्षही तेच, आणि माध्यमिक शिकलेले चारही ठिकाणी ४३.३३ टक्के.

"मॅडम, तुमी एकाच माणसाला चारदा मत द्यायला लावायलात," संघप्रिया म्हणाली. "अन् लेखकांची नावं वाचलीत का?"

चारही लेखांवर दिनकररावांचं नाव होतं.

चार अभ्यास एकच धरले, तर नवाला पाच होतं ते सहाला पाच झालं. बहुमत जाऊन वाद उरला. दोन दिवस बाई त्याच चार ओळी घेऊन बसल्या. ओळी तशाच ठेवाव्यात तर आढावा खोटा. जोडाव्यात तर प्रकरणावर सही त्याच सरांची हवी. नवरा म्हणाला, गप्प बसा, कोण वाचतंय? पीएचडीबाबत हे बहुतेक खरं असतं; पण त्याने त्यांना धीर आला नाही.

गुरुवारी त्यांनी चार ओळी कंसात घेऊन तक्ता सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसला. बाईंना नोंदणी गेल्यासारखीच वाटली.

"त्या वर्षी बढतीला लेख मोजत होते," सर म्हणाले. "शेतकरी कोणी मोजले न्हाईत."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि कंसाच्या आत बारीक अक्षरात पाचव्या लेखाचं नाव लिहिलं.

"हा तुमच्या तक्त्यात आलाच न्हाई. तोही त्यातलाच. एकच धरा अन् सहाला पाच लिहा. सोमवारपर्यंत वेळ देतो, तसं पत्र देतो."

बाई बाहेर आल्या. पत्र हातात पडेपर्यंत त्या दारापासून हलल्या नाहीत.