सावलीच्या टोकाचा वेग

गणिताच्या बाई तापट. उत्तर चुकलं की खडू फेकायच्या.

वीस फुटी दिव्यापासून पाच फुटी माणूस सेकंदाला तीन फूट दूर चालतोय, तर सावलीचं टोक जमिनीवर किती वेगाने सरकेल? अख्ख्या वर्गाने लिहिलं, एक फूट.

बाई स्वतः पाच फुटी. संध्याकाळी त्या मैदानातल्या वीस फुटी दिव्यापासून दर वेळी तीन फूट चालल्या आणि मुलींनी टोकाशी खुणा केल्या. खुणा चार-चार फुटांवर पडल्या.

"सावली एक फूट वाढते, पण माणूसही तीन फूट पुढे जातो ना?" बाईंनी विचारलं. " एक कुठून आणलंत?"

"गाईडमधून," एक मुलगी म्हणाली.

"कोण दीडशहाणा लिहितो असली गाईडं?"

मुलीने मुखपृष्ठ दाखवलं. बाईंनी आपलंच नाव वाचलं आणि खडू तिच्या हातात ठेवला.

"फेक," त्या म्हणाल्या.